बुकीचं मार्जिन काढताना: प्रमाणशीर पद्धत की पॉवर पद्धत? लाँगशॉटसाठी काय वापरावं

बुकीच्या भावावरून एखाद्या निकालाची शक्यता काढायला बसलं की पहिली अडचण लगेच समोर येते. सगळ्या घोड्यांच्या भावातून निघणाऱ्या शक्यतांची बेरीज १०० टक्के येत नाही. ती ११० येते, ११७ येते, मोठ्या शर्यतीत १३० सुद्धा येते. वरचा भाग म्हणजे बुकीचं मार्जिन. ते काढल्याशिवाय शक्यता वापरता येत नाही, आणि प्रश्न उरतो तो कोणाच्या वाट्याचं किती काढायचं हा.

फेव्हरिटपुरतं, म्हणजे जिंकण्याची सगळ्यात जास्त अपेक्षा असलेल्या घोड्यापुरतं, बोलायचं तर प्रमाणशीर आणि पॉवर या दोन्ही पद्धतींची उत्तरं प्रमाणाने फार दूर नसतात. ३३/१, ६६/१ अशा भावांवर मात्र ती इतकी दूर जातात की एका पद्धतीने दर ७८ शर्यतींत एकदा जिंकणारा घोडा दुसरीने १०५ शर्यतींत एकदा जिंकतो. हा लेख त्या शेपटाकडच्या मोठ्या भावाच्या घोड्यांसाठी, म्हणजे लाँगशॉटसाठी, आहे.

## काय काय लागेल

- एकाच बुकीचे, एकाच वेळी घेतलेले, शर्यतीतल्या सगळ्या घोड्यांचे भाव.
- एक्सेल, लिब्रेऑफिस किंवा गूगल शीट्स. पायथन येत असेल तर काम दोन मिनिटांचं.
- घातांक काढणारा कॅल्क्युलेटर (पहिल्यांदा एकदा हाताने करून बघा, म्हणजे पद्धत नीट समजते).
- नंतर पडताळणी करायची असेल तर जुने भाव आणि निकाल एकत्र असलेली फाइल.

बुकीकडे खातं लागत नाही आणि पैसे लावायचेही नाहीत. भारतात २०२५ च्या कायद्याने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी आहे. इथे भाव हा फक्त आकडेवारीचा कच्चा माल आहे.

## १. भाव दशांशात आणा

ब्रिटिश फळ्यावर भाव अपूर्णांकात असतात: ७/२, ८/१, ६६/१. आपल्याकडच्या रेसकोर्सवरही लोक 'पाचास एक' असंच बोलतात. हा आकडा निव्वळ नफ्याचा आहे, लावलेली रक्कम त्यात धरलेली नाही. म्हणून भागाकार करून त्यात १ मिळवायचा. ७/२ म्हणजे ३.५ अधिक १, म्हणजे ४.५. सम भाव म्हणजे २.०. ६६/१ म्हणजे ६७.

हा १ विसरणं ही नवख्यांची सगळ्यात नेहमीची चूक. गंमत अशी की लाँगशॉटवर ती कळतच नाही, कारण ६६ आणि ६७ यांत फरक तो किती! फेव्हरिटवर मात्र सम भावाची शक्यता ५० ऐवजी १०० टक्के होते आणि अख्खी बेरीज उधळते. तुमची बेरीज १८० किंवा २०० च्या आसपास आली तर आधी हेच तपासा.

## २. कच्ची शक्यता आणि बेरीज काढा

दशांश भावाचा व्यस्त घ्या: १ भागिले भाव. ही कच्ची शक्यता. उदाहरणासाठी आठ घोड्यांची एक शर्यत रचली आहे. भाव काल्पनिक असले तरी ब्रिटिश बुकी लावतात त्याच पायऱ्यांवरचे आहेत.

| भाव | दशांश | कच्ची शक्यता (टक्के) |
|---|---|---|
| १/१ | २.० | ५०.०० |
| ७/२ | ४.५ | २२.२२ |
| ५/१ | ६.० | १६.६७ |
| ८/१ | ९.० | ११.११ |
| १२/१ | १३.० | ७.६९ |
| २०/१ | २१.० | ४.७६ |
| ३३/१ | ३४.० | २.९४ |
| ६६/१ | ६७.० | १.४९ |

बेरीज ११६.८९ टक्के. म्हणजे जास्तीचे १६.८९ पॉइंट काढायचे आहेत.

सगळ्यात सोपा विचार असा की आठ घोडे आहेत, प्रत्येकाचे २.११ पॉइंट कापून टाकू. करून बघा. ६६/१ च्या घोड्याकडे मुळात १.४९ पॉइंटच आहेत, त्याची शक्यता उणे येते. समान वजाबाकीची पद्धत लाँगशॉटपाशी अशी पहिल्याच पावलाला मोडते, म्हणून तिचा विचार इथेच सोडू.

पुढे जाण्याआधी एक खात्री करा. ही बेरीज 'यांतला एक आणि एकच जिंकणार' अशा बाजारासाठी आहे. 'पहिल्या तिनांत येईल का' या बाजारात खरी बेरीज ३००, 'पहिल्या चारांत' असेल तर ४००. तिथे १०० चं लक्ष्य ठेवलंत तर सगळे आकडे निरर्थक येतील. दोन्ही पद्धती तिथेही चालतात, फक्त लक्ष्य ३ किंवा ४ ठेवायचं.

## ३. प्रमाणशीर पद्धत

प्रत्येक कच्च्या शक्यतेला बेरजेने भागा. आपल्या शर्यतीत १.१६८९ ने. फेव्हरिट ५० वरून ४२.७८ टक्के होतो, ६६/१ चा घोडा १.४९ वरून १.२८.

दहा सेकंदांचं काम आहे आणि काही चुकण्यासारखं नाही, म्हणून सगळे हीच वापरतात. पण तिच्या पोटात एक गृहीतक आहे: बुकीने प्रत्येक भावावर सारखंच मार्जिन लावलं आहे. तसं खरंच असेल तर कोणत्याही घोड्यावर १०० रुपये लावत राहिलात की दीर्घकाळात सरासरी ८५.५५ परत येतील, मग तो फेव्हरिट असो की आउटसायडर. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढची पडताळणी याच्यावरच उभी आहे.

अनुभव उलटा आहे. अमेरिकेतल्या शर्यतींचे भाव आणि निकाल १९४९ मध्ये ग्रिफिथ यांनी ताडून पाहिले. मोठ्या भावाचे घोडे त्यांच्या भावावरून वाटतं त्यापेक्षा कमी वेळा जिंकतात आणि फेव्हरिट जास्त वेळा, असं त्यांना दिसलं. पुढे हे पुन्हापुन्हा सापडत गेलं. स्नोबर्ग आणि वुल्फर्स यांनी अमेरिकेतल्या १९९२ ते २००१ च्या शर्यती घेतल्या. त्यात डोळे मिटून कुठल्याही घोड्यावर पैसे लावणाऱ्याचे सुमारे २३ टक्के बुडत होते, दर वेळी फेव्हरिट धरणाऱ्याचे सुमारे ५.५ टक्के, आणि १००/१ किंवा त्याहून मोठ्या भावावर लावणाऱ्याचे सुमारे ६१ टक्के.

ते आकडे टोटचे आहेत. टोटमध्ये भाव बुकी ठरवत नाही, लोकांनी लावलेल्या पैशांतून तो आपोआप ठरतो, आणि क्लबची कपात एकूण जमा रकमेतून होते. म्हणजे तिथे कपात खरोखरच प्रमाणशीर असते आणि तरीही लाँगशॉट इतका तोट्याचा निघतो, कारण लोकच त्याच्यावर गरजेपेक्षा जास्त पैसे टाकतात. महालक्ष्मी किंवा पुण्याच्या टोटचे भाव घेऊन कोणी 'इथे तर कपात सरसकट आहे, मग प्रमाणशीरच बरोबर' म्हणत असेल तर त्याची गल्लत इथे होते. प्रमाणशीर भागाकाराने तुम्हाला मिळतो तो त्या घोड्यावरच्या पैशांचा वाटा. तो जिंकण्याची शक्यता असेलच असं नाही.

बुकीच्या बाबतीत आणखी एक कारण जोडलं जातं. १०० रुपयांना ६,६०० द्यायचे की १०,००० हा फरक लावणाऱ्याला फारसा टोचत नाही, पण बुकीच्या खिशाला तो भारी पडतो. घोड्याबद्दल आतली बातमी असलेला कोणी ६६/१ वर मोठी रक्कम लावून गेला तर फटका जबर बसतो. म्हणून तो मोठ्या भावात जास्त गादी भरून ठेवतो आणि फेव्हरिटवर, जिथे गिऱ्हाईक भावाची घासाघीस करतं, तिथे कमी.

## ४. पॉवर पद्धत

इथे भागाकाराऐवजी घातांक लावतात. प्रत्येक कच्च्या शक्यतेचा `k` वा घात घ्यायचा आणि `k` असा निवडायचा की बेरीज नेमकी १ यावी:

```
p_i = (1/odds_i)^k,   sum(p_i) = 1
```

मार्जिन असेल तर `k` नेहमी १ पेक्षा मोठा येतो. एकाहून लहान संख्येचा घात वाढवला की ती लहान होते, आणि जितकी ती मुळात लहान तितकी प्रमाणाने जास्त आक्रसते. लाँगशॉटवर जास्त मार्जिन कापलं जातं ते एवढ्यासाठीच. दोन फायदे फुकटात मिळतात: शक्यता कधी उणे होत नाही आणि कधी १ च्या वर जात नाही. 'पहिल्या तिनांत' सारख्या बाजारात याचा उपयोग कळतो. तिथे मार्जिनऐवजी तूट असेल, म्हणजे बेरीज ३ पेक्षा कमी भरत असेल, तर प्रमाणशीर पद्धत पक्क्या फेव्हरिटला १०० टक्क्यांच्या वर नेऊ शकते.

`k` साठी थेट सूत्र नाही, तो शोधावा लागतो. हाताने असा:

`k = 1.10` ठेवून आठही घात काढले की बेरीज १.०११३ येते. अजून जास्त आहे. `k = 1.11` ठेवला की ०.९९७२, म्हणजे आता कमी. १.०११३ पासून ०.९९७२ पर्यंतचं अंतर ०.०१४१, त्यातलं १ पर्यंतचं ०.०११३, म्हणजे दहातले आठ भाग. म्हणून `k` सुमारे १.१०८. पुन्हा बेरीज घ्या, १ भरते.

एक्सेलमध्ये भाव `B2:B9` मध्ये आणि `k` साठी `F1` मध्ये 1.1 लिहा:

```
C2:  =1/B2
C10: =SUM(C2:C9)
D2:  =C2/$C$10
E2:  =C2^$F$1
E10: =SUM(E2:E9)
G1:  =1000*(E10-1)
```

`C2`, `D2`, `E2` खाली नवव्या ओळीपर्यंत ओढा. मग `Data > What-If Analysis > Goal Seek` उघडून `G1` ची किंमत 0 करायला सांगा आणि बदलायचा सेल `F1` द्या. `G1` मध्ये हजाराने गुणलं आहे ते उगाच नाही. एक्सेलचं Goal Seek ठरावीक अंतरावर आलं की थांबतं, आणि मूळ सेटिंगमध्ये ते अंतर ०.००१ आहे. थेट `E10` ला १ करायला सांगितलंत तर ते १.०००९ वरही समाधानी होऊन थांबेल. हजारपट केल्यावर तीच सवलत नगण्य होते.

गूगल शीट्समध्ये Goal Seek वेगळं जोडावं लागतं. त्यापेक्षा `F1` हाताने वरच्यासारखा दोन-तीनदा बदलणं सोपं. रोज बऱ्याच शर्यती करायच्या असतील तर पायथन:

```python
odds = [2, 4.5, 6, 9, 13, 21, 34, 67]
q = [1/o for o in odds]
lo, hi = 0.5, 3.0
for _ in range(60):
    k = (lo + hi) / 2
    if sum(x**k for x in q) > 1:
        lo = k
    else:
        hi = k
print(round(k, 4), [round(x**k, 4) for x in q])
```

## ५. दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून वाचा

| भाव | प्रमाणशीर (टक्के) | पॉवर (टक्के) | पॉवरप्रमाणे १०० रुपयांमागे परतावा |
|---|---|---|---|
| १/१ | ४२.७८ | ४६.३९ | ९२.८ |
| ७/२ | १९.०१ | १८.८९ | ८५.० |
| ५/१ | १४.२६ | १३.७३ | ८२.४ |
| ८/१ | ९.५१ | ८.७६ | ७८.९ |
| १२/१ | ६.५८ | ५.८३ | ७५.८ |
| २०/१ | ४.०७ | ३.४३ | ७२.० |
| ३३/१ | २.५२ | २.०१ | ६८.३ |
| ६६/१ | १.२८ | ०.९५ | ६३.५ |

शेवटचा स्तंभ प्रमाणशीर पद्धतीत सगळीकडे ८५.५५ असता. पॉवरमध्ये तो पायरीपायरीने उतरतो, आणि हा उतार वर सांगितलेल्या अमेरिकी आकड्यांच्या दिशेचा आहे.

६६/१ च्या घोड्याचा मार्जिनविरहित भाव प्रमाणशीर पद्धतीने ७८.३, पॉवरने १०५.५. समजा दुसऱ्या कोणाकडे त्याच घोड्याचा भाव ८१, म्हणजे ८०/१, दिसतो. प्रमाणशीर पद्धत म्हणेल की खऱ्या किमतीपेक्षा जास्त देतायत. पॉवर म्हणेल की अजूनही बराच कमी आहे. लाँगशॉटमध्ये 'स्वस्त भाव सापडला' असं वाटण्याचे बरेच प्रसंग या एका फरकातून येतात. तुमच्या यादीत दिसणारे सगळे 'फायदेशीर' भाव २०/१ च्या पलीकडचेच असतील, तर बाजाराकडे बोट दाखवण्याआधी मार्जिन कसं काढलं ते पाहा.

दोन्ही पद्धती एकमेकींना कुठे ओलांडतात तेही काढता येतं. बेरीज `S` असेल तर `S^(-1/(k-1))` एवढ्या कच्च्या शक्यतेपाशी दोघींचं उत्तर एकच येतं. आपल्या शर्यतीत ते २३.६ टक्के, म्हणजे दशांश भाव ४.२४. त्याहून कमी भावाच्या घोड्यांना पॉवर जास्त शक्यता देते, वरच्यांना कमी. ७/२ च्या घोड्यावर दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आहेत ते त्यामुळे. तुमचं काम फक्त ३ ते ६ च्या भावांशी असेल तर या वादात पडायचं कारणच नाही.

## ६. पॉवर कुठे फसते

लाँगशॉटसाठी दोघींतून एक निवडायची तर पॉवर घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. पण तिला बाजाराबद्दल काही माहिती नसते. तिच्याकडे एकच आकडा आहे, `k`, आणि तो बेरजेवरून ठरतो. बेरजेत वजन फेव्हरिटांचं. म्हणजे वरच्या तीन-चार घोड्यांवरून ठरलेला `k` शेपटाला लावला जातो. शेपूट जितकं लांब तितकी चूक मोठी.

इंग्लिश प्रीमियर लीग २०१५-१६ च्या हंगामाआधी लेस्टर सिटीला ५०००/१ भाव होता. समजा एका बाजारात `k` १.०५ आला आणि दुसऱ्यात १.१५. सम भावाच्या फेव्हरिटचा मार्जिनविरहित भाव २.०७ आणि २.२२, फार फरक नाही. ५०००/१ चा मात्र एकात सुमारे ७,६५० आणि दुसऱ्यात सुमारे १७,९००. यांतलं एकही उत्तर शक्यता म्हणून घेऊ नये. अशा ठिकाणी भाव हा हिशोबातून न येता 'काहीतरी मोठा आकडा' म्हणून लावलेला असतो, आणि बरेच बुकी ठरावीक आकड्याच्या वर भाव देतच नाहीत. खालच्या पाच-सहा स्पर्धकांना एकच गोल आकडा लावलेला दिसला तर ती अशी कमाल मर्यादा समजा. कोणत्याही घातांकाने त्यांच्यातला फरक परत मिळणार नाही. (लेस्टर जिंकलं, पण एका निकालावरून दोन्ही पद्धतींपैकी एकीचंही काही सिद्ध होत नाही.)

दुसरी फसगत दोनच निकाल असलेल्या बाजारात होते. टेनिसच्या सामन्यात भाव १.०५ आणि ११ घ्या. बेरीज १०४.३३ टक्के, मार्जिन लहानच आहे. प्रमाणशीर पद्धत दुबळ्या खेळाडूला ८.७१ टक्के देते, म्हणजे भाव ११.४८. पॉवरला `k` १.१९७ लागतो, आपल्या १६.८९ पॉइंटच्या शर्यतीपेक्षाही मोठा! उत्तर येतं ५.६७ टक्के, भाव १७.६. कारण सोपं आहे. ९५ टक्क्यांचा घात वाढवून ती संख्या फारशी हलत नाही, मग बेरीज १ वर आणायला जवळपास सगळं ओझं दुबळ्यावर पडतं. काढायच्या ४.३३ पॉइंटपैकी ३.४२ त्याच्याकडून जातात.

इथे प्रमाणशीर पद्धत एका टोकाला आणि पॉवर दुसऱ्या टोकाला असते. मधलं उत्तर हवं असेल तर शिन यांची पद्धत बघा. ती आतली बातमी असणाऱ्यांचा वाटा धरून मार्जिन काढते, आणि दोन निकालांच्या बाजारात तिचं उत्तर समान वजाबाकीइतकंच येतं. म्हणजे दुसऱ्या पायरीत सोडून दिलेली पद्धत इथे कामाला येते. दोन्हीकडून २.१६ पॉइंट कापले की दुबळ्याला ६.९३ टक्के उरतात. टेनिसमधल्या अशा एकतर्फी सामन्यांत मी पॉवरचा आकडा एकटा वापरणार नाही.

## ७. `k` विचित्र आला तर हे तपासा

`k` १ पेक्षा लहान आला. बेरीज १०० च्या खाली आहे. बहुतेक वेळा तुम्ही पाच बुकींचे सर्वांत चांगले भाव एकत्र केलेले असतात. भावतुलनेच्या पानांवरून आकडे उचलले की हे होऊ शकतं. मग पॉवर उलटी चालते आणि लाँगशॉटची शक्यता वाढवून देते. एका बुकीचा पूर्ण संच घ्या, त्यातून मार्जिन काढा, आणि तो आकडा इतरांच्या भावाशी ताडा.

`k` जेमतेम १.०१, पण बुकी नेहमी जाडजूड मार्जिन ठेवणारा. यादीतून कोणीतरी गळलंय. स्पर्धेच्या विजेत्याच्या बाजारात पानावर वरचे दहाच स्पर्धक दिसतात आणि बाकीचे 'आणखी पाहा' खाली दडलेले असतात. जे गळतात ते लाँगशॉटच असतात, म्हणजे नेमकं तुम्हाला हवं तेच शेपूट.

`k` नेहमीपेक्षा फार मोठा. शर्यतीतून माघार घेतलेला घोडा यादीत राहिला आहे का पाहा. ब्रिटनमध्ये ऐन वेळी घोडा मागे घेतला की आधी लागलेल्या पैशांच्या जिंकण्यातून 'रूल ४' प्रमाणे कपात होते, पण जुना भाव तोच राहतो. तो घोडा काढून बाकीच्यांचे जुने भाव वापरायचे हेही चूकच. नव्याने लागलेले भाव घ्या.

## ८. तुमच्या बाजारात पॉवर खरंच बरी आहे का, ते बघा

सगळीकडे लाँगशॉटवर जास्त मार्जिन असतंच असं नाही. हाँगकाँगच्या शर्यतींत बुश आणि हॉल यांना १९८८ मध्ये हा कल सापडला नाही. तशा ठिकाणी पॉवर लावली तर तुम्ही नसलेला दोष दुरुस्त कराल. म्हणून आपला बाजार तपासायचा.

फुटबॉलसाठी football-data.co.uk वर हंगामवार फाइल्स आहेत. त्यात `FTR` या स्तंभात निकाल असतो आणि `B365H`, `B365D`, `B365A` मध्ये एका बुकीचे यजमान, बरोबरी आणि पाहुणे यांचे भाव. प्रत्येक सामन्याला दोन्ही पद्धती लावा आणि दोन्ही शक्यता नव्या स्तंभांत ठेवा. मग फळ्यावरच्या भावाने गट पाडा: २ पर्यंत, २ ते ४, ४ ते ८, ८ ते १५, १५ च्या वर. प्रत्येक गटात तीन बेरजा हव्यात: प्रत्यक्ष किती जिंकले, प्रमाणशीर शक्यतांची बेरीज, पॉवर शक्यतांची बेरीज. ज्या पद्धतीची बेरीज शेवटच्या दोन गटांत प्रत्यक्ष विजयांच्या जवळ, ती तुमची.

गट काढलेल्या शक्यतेवरून पाडू नका. तसं केलं की दोन्ही पद्धतींच्या एकाच नावाच्या गटात वेगवेगळे सामने येतात आणि तुलना फुकट जाते.

याहून सोपी चाचणी परताव्याची. प्रत्येक गटात दर वेळी १०० रुपये लावले असते तर सरासरी किती परत आले असते ते कागदावर काढा. सगळ्या गटांत साधारण सारखा आकडा आला तर प्रमाणशीर पद्धत पुरे. भाव वाढेल तसा आकडा उतरत गेला तर पॉवर. मोठ्या भावांच्या गटात मात्र हा आकडा एखाद्या ६६/१ च्या विजयाने उडी मारतो, म्हणून तिथे विजयांची मोजणीच जास्त भरवशाची.

आणि मोजणीला किती नोंदी लागतात हे आधीच जाणून घ्या, नाहीतर दोन महिन्यांच्या शर्यतींवरून निष्कर्ष काढाल. आपल्या ६६/१ च्या घोड्यासारखे १,००० घोडे घेतले तर प्रमाणशीर पद्धत सुमारे १३ विजय सांगते आणि पॉवर ९ ते १०. निव्वळ योगायोगाने होणारी वरखाली तीन-साडेतीनची असते. ११ विजय आले तर कोण बरोबर? सांगता येत नाही. १०,००० घोडे घेतले तर आकडे १२८ आणि ९५ असे होतात, वरखाली दहा-अकराची, आणि तेव्हा कुठे दोन्ही वेगळ्या ओळखू येतात. एवढ्या नोंदी नसतील तर ३३/१ आणि ६६/१ असे वेगळे गट पाडू नका, २०/१ च्या पुढचे सगळे एकत्र करा.

बेटफेअरसारख्या एक्स्चेंजचे जुने भाव मिळाले तर आणखी एक ताळा करता येतो. तिथे लोक एकमेकांशीच भाव ठरवतात आणि शर्यत सुटण्याच्या क्षणी बेरीज १०० च्या अगदी जवळ असते, त्यामुळे मार्जिन वाटण्याचा प्रश्न फार लहान होतो. बुकीच्या भावावरून काढलेले दोन्ही आकडे त्याच शर्यतीच्या एक्स्चेंज भावाशेजारी ठेवा. १०,००० घोड्यांच्या नोंदींची वाट न पाहता शे-दोनशे शर्यतींतच कल दिसू लागतो. फक्त शेपटाकडे तिथेही व्यवहार तुरळक असतात. ज्या घोड्यावर एका बाजूने ८० आणि दुसऱ्या बाजूने १४० असा भाव पडलेला असेल, त्याची ओळ या तुलनेतून वगळा.